तिकिटावरची कन्व्हिनियन्स फी नेमकी जाते कुठे?

ठाणेकर: काल एका साइटवरून सिनेमाची दोन तिकिटं काढली. प्रत्येकी २५० रुपये आणि वर ७०.८० कन्व्हिनियन्स फी. पैसे यूपीआयने दिले. ही फी पेमेंट गेटवेला, म्हणजे आपले पैसे साइटपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला जाते का? जात नसेल तर घेतात कशासाठी?

वामन: बहुतेक तिकडेच जाते. बँक, कार्ड कंपनी, गेटवे, सगळे आपापला वाटा कापतात. साइटला फार उरत नसणार.

रेवा: वामन, कापतात हे खरं, पण एवढं नाही. माझं रोजचं काम हेच आहे. ७०.८० मधले १०.८० जीएसटीचे, उरले ६०. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असते आणि दर २ टक्के धरला, तर तो पूर्ण ५७०.८० वर लागतो, म्हणजे सुमारे साडेअकरा रुपये. त्यातलाही मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा कार्ड नेटवर्कचा. गेटवेच्या हातात त्यातलं थोडंच उरतं.

तुम्ही तर यूपीआय वापरलंत. त्यावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे विक्रेत्याकडून कापलं जाणारं हे व्यवहार शुल्क, शून्य आहे. गेटवेने स्वतःच्या सेवेचे काही पैसे लावले तरी ६० मधला मोठा भाग साइटकडेच राहतो. थिएटरशी करार असेल तर त्यातला हिस्सा तिकडे जातो. म्हणून गेटवेच्या नावाने एवढी फी घेणं मला पटत नाही.

चिपळूणची मीनल: माझं वेगळंच झालं. गणपतीला जायची बसच ऐनवेळी रद्द झाली. तिकिटाचे पैसे आले, फी नाही. ती गेटवेने ठेवली का?

रेवा: पैसे परत करताना गेटवे सहसा आपलं शुल्क सोडत नाही, पण ते फीचा छोटा तुकडा. बाकीची साइटने ठेवली. बस त्यांच्या बाजूने रद्द झाली असेल तर हा भार प्रवाशावर टाकणं चूकच.

मल्हार: फुकट कोण देईल? सीटचा नकाशा, सर्व्हर, तक्रारीचा फोन, सगळ्याला खर्च येतो. नको असेल तर खिडकीवर जा. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये या फीवर घातलेली बंदीही मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली.

रेवा: करमणूक शुल्काच्या कायद्याखाली अशी बंदी घालायचा अधिकार सरकारला नाही, असं न्यायालय म्हणालं. रक्कम वाजवी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. खर्च येतो हे मान्य, पण एकाच व्यवहारात दोन तिकिटं काढली तर फी दुप्पट का? आयआरसीटीसी एका तिकिटावर सहा प्रवासी असले तरी एकदाच घेते. २०१९ मध्ये ती फी परत सुरू झाली तेव्हा स्लीपरला १५ रुपये आणि यूपीआयने भरले तर १०, असे दर होते, वर जीएसटी. सिनेमाच्या साइटला हे का जमू नये?

मल्हार: रेल्वेला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. थिएटरला लागतं.

ठाणेकर: खिडकीवर गेलो होतो मल्हार. शनिवारी संध्याकाळी दोनपैकी एकच उघडी, आणि शेजारच्या यंत्रावर तीच फी.