कण्हेरीची पर्णरंध्र घनता कशी नोंदवायची?

मदत हवी आहे. पारदर्शक नेलपॉलिशचे ठसे घेऊन पानांच्या खालच्या बाजूची पर्णरंध्रं मोजतोय. ४० एक्स भिंगाखाली दृष्टिक्षेत्राचा व्यास ०.४५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ०.१५९ चौ. मिमी. जास्वंदीच्या १० क्षेत्रांची सरासरी २७ आली, म्हणून घनता साधारण १७० प्रति चौ. मिमी. कडेवर कापली गेलेली रंध्रं फक्त उजव्या अर्ध्या कडेचीच धरली.

अडलंय ते कण्हेरीपाशी. तिची रंध्रं केसाळ खळग्यांत दडलेली असतात. ठशात नुसती खळग्यांची तोंडं आणि केसांचा गुंता उमटतो. तिथे शून्य लिहिणं साफ चुकीचं. आडव्या छेदात खळग्यातली रंध्रं दिसतात, पण त्यावरून प्रति चौ. मिमी आकडा कसा काढायचा? प्रत्येक खळग्यातली सरासरी रंध्रं गुणिले प्रति चौ. मिमी खळगे, हे चालेल का? कुणी केलं असेल तर पद्धत सविस्तर सांगा.