दुसरा डोस बूस्टर नाही

"नवव्या महिन्यात गोवराची लस झाली आहे, मग दुसऱ्या डोसची एवढी घाई कशाला?"

मी शाळेत नर्स आहे, बालवाडीच्या पालकसभेत पालकांच्या या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देते. नवव्या महिन्यात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं थोडीफार उरलेली असू शकतात. ती लशीतल्या दुबळ्या विषाणूलाच निकामी करतात, म्हणून शंभरातल्या साधारण १५ मुलांना पहिला डोस लागूच पडत नाही. ती कोणती, हे बाहेरून कळत नाही. सुई टोचल्यावर ताप आला की नाही, यावरून तर मुळीच नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत सगळ्यांनाच पुन्हा द्यायचा.

कार्डावर 'एमआर २', म्हणजे गोवर-रुबेला लशीचा दुसरा डोस, याच्यासमोरच तारीख बघा. एका आईने दाखवलेली दीड वर्षाची तारीख डीपीटीच्या बूस्टरची निघाली. एमआरच्या एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात आणि ती तयार केली की चार तासांत वापरावी लागते, त्यामुळे मुलं कमी असली की काही ठिकाणी "पुढच्या वेळी या" म्हणतात (म्हणू नये खरं तर), आणि ते राहून जातं.

राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. साधी सर्दी असली तरी चालतं.