कर्जाचं ॲप: स्क्रीनशॉट टाकलाय, विश्वास ठेवू का?

नितीन_नाशिक
मंडळी, डिलिव्हरी करतो, बाईकचं क्लचचं काम निघालंय. ८ हजार हवेत, दोन महिन्यांत फेडेन. प्ले स्टोअरवरच्या एका ॲपचा स्क्रीनशॉट टाकलाय, नाव खोडलंय. ४.४ तारे आहेत. Data safety खाली "No data shared with third parties" आणि "No data collected" असं आहे. खाली दिसणारे तीनही रिव्ह्यू पाच ताऱ्यांचे. घेऊ का? 'कर्जच घेऊ नको' सांगू नका, गाडी बंद तर कमाई बंद.

पाटीलबुवा
कर्जच घेऊ नकोस रे. सोनं ठेव पतसंस्थेत. मी ३ तोळ्यांवर दीड लाख उचलले, तासाभरात काम.

नितीन_नाशिक
काका, सोनं असतं तर इथे आलो असतो का?

बिनधास्त_बाळू
प्ले स्टोअरवर आहे ना, म्हणजे गूगलने तपासलंय. मी दोनदा घेतलं, काही झालं नाही.

सुलभाताई_व
बाळू, ती Data safety ची चौकट ॲपवालाच भरतो. नितीन, एवढंच सांग, हे ॲप पॅन आणि सेल्फी मागणार की नाही? मग "No data collected" कसं? कर्ज देणाऱ्याला माहिती घ्यावीच लागते. घेतो म्हणून सांगणारा मला चालेल, काहीच घेत नाही म्हणणारा नको. आता About this app मध्ये अगदी तळाशी जा, App permissions उघड आणि काय दिसतं ते इथे लिही.

नितीन_नाशिक
कॅमेरा, लोकेशन, आणि "read your contacts".

सुलभाताई_व
झालं तर मग. कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स आणि फोटो मागायचे नाहीत, हा गूगलचाच नियम ३१ मे २०२३ पासून आहे. तरी काही ॲप निसटतात. हप्ता चुकला की हेच नंबर लावून सासऱ्याला, शेठला फोन करतात. माझ्या भाच्याच्या वेळी पहिला फोन त्याच्या जुन्या शिक्षकांना गेला होता.

टेकी_तेजस
एसएमएस मागितला तरी फ्रॉडच समजायचं.

सुलभाताई_व
तसं सरसकट नाही म्हणता येत. पगाराचे मेसेज वाचायला परवानाधारक ॲपही कधी मागतात. मला स्वतःला आवडत नाही, पण तेवढ्यावरून फ्रॉड ठरत नाही.

पाटीलबुवा
पतसंस्थेत असले परमिशन-बिरमिशन नसतात.

रेखा_डोंबिवली
माझ्या आयफोनवर हे About this app दिसतच नाही. आणि वीज बिलाचं कोणतं ॲप चांगलं?

वसुली_वाला
सहा वर्षं वसुलीत काढलीत, म्हणून सांगतो. तारे बघू नको. रिव्ह्यू 'नवीन आधी' लाव, मग फक्त एक तारा.

नितीन_नाशिक
लावले. वरचे पाच तारे एकाच दोन दिवसांतले, सगळ्यांत "very good app fast loan". एक ताऱ्यात कोणी लिहिलंय, ५००० मंजूर, हातात ३५००, सातव्या दिवशी ५००० मागितले. पण माहितीत तर मुदत ९१ ते ३६५ दिवस लिहिलीय!

वसुली_वाला
लिहिणारच. ६० दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण फेड मागणारं कर्ज प्ले स्टोअरला चालत नाही. आता हिशेब कर. ३५०० वर आठवड्यात १५०० म्हणजे जवळपास ४३ टक्के, तेही सात दिवसांचे. वर्षाला नेलंस तर २२०० टक्क्यांच्या वर जातं.

बिनधास्त_बाळू
एक तारावाले म्हणजे हप्ते बुडवणारे असतात.

वसुली_वाला
काही असतात. पण बुडवणारा 'हातात ३५००' असा आकडा देत बसत नाही. नितीन, माहितीत एनबीएफसीचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचं नाव आहे का?

नितीन_नाशिक
आहे. रिझर्व्ह बँकेच्या यादीत पण सापडलं!

सुलभाताई_व
अर्धंच बघितलंस. आता त्या एनबीएफसीच्या वेबसाइटवर जा. आपली कर्जं कोणकोणत्या ॲपवरून जातात ते त्यांना तिथे लिहावं लागतं. दुसऱ्याचं नाव परस्पर लावणारे खूप आहेत.

नितीन_नाशिक
चार ॲप दिलीत. हे नाही.

टेकी_तेजस
रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून साइटवर ॲपची यादीच टाकलीय. तिच्यात असलं की डोळे मिटून घ्यायचं.

सुलभाताई_व
डोळे उघडेच ठेव. ती यादी कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी कळवलेली आहे, बँकेने एकेक ॲप तपासलेलं नाही.

पाटीलबुवा
शेवटी काय, सोनंच.

नितीन_नाशिक
ते ॲप सोडलं. पण त्याच एनबीएफसीच्या चारांतलं एक घेतलं. तुम्ही सगळे नको म्हणाल, माहितीय. कॉन्टॅक्ट्स मागितले नाहीत. सही करायच्या आधी केएफएस, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचं पत्रक आलं, त्यात वर्षाचा एकूण खर्च ३२ टक्के. ८००० मंजूर, प्रोसेसिंग फी कापून ७७४० थेट खात्यात. तीन हप्ते. क्लचप्लेट उद्या बसतेय.

वसुली_वाला
केएफएसमध्ये कूलिंग ऑफ किती दिवस दिलाय ते बघ. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय परत करता येतं. फी मात्र ठेवून घेऊ शकतात. आणि ते पहिलं ॲप फोनमध्ये टाकलं होतंस का?

नितीन_नाशिक
टाकलं होतं. Allow पण दाबलं होतं. कर्ज घेतलं नाही.

सुलभाताई_व
अरे देवा. काढून टाकलंस तरी नंबर गेलेले असू शकतात. धमकीचा फोन आला तर एक पैसा भरू नकोस. स्क्रीनशॉट ठेव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लाव.

रेखा_डोंबिवली
वीज बिलाचं कोणीच सांगितलं नाही.