हातात ऑफर नसताना नोकरी सोडलीत का? तुमचा हिशेब सांगा

नमस्कार. पुण्यात एका आयटी कंपनीत आहे, वय 38. या महिन्यात तिथे 4 वर्षं 9 महिने झाले. नवा मॅनेजर आल्यापासून रात्री साडेअकराला फोन आणि सकाळच्या कॉलवर सगळ्यांसमोर पाणउतारा. बाबांच्या बायपासच्या दिवशीही मी आयसीयूबाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. आता मेसेजचा टुंग आवाज आला की पोटात गोळा येतो, मग तो शेजारच्याच्या फोनवर वाजलेला का असेना.

एफडी आणि बचत मिळून 7 लाख 10 हजार आहेत. महिन्याचा खर्च 76 हजार, त्यात घराचा हप्ता 31 हजार. बायकोला 28 हजार पगार आहे, मुलगा तिसरीत. सोडलेल्यांनी अनुभव लिहा, फसलेलेही लिहा.

डोंबिवलीकर
मी 2022 मध्ये सोडली. वाटलं होतं तीन महिन्यांत लागेल, लागले नऊ. पाचव्या महिन्यापर्यंत मी ऑफर नाकारत होतो, आठव्यात पंधरा टक्के कमी पगारावर हो म्हटलं. झोप मात्र पहिल्याच आठवड्यात परत आली. पुन्हा वेळ आली तरी सोडेन, फक्त हिशेब तीनचा नाही, नऊचा धरेन.

नाशिकची ताई
बदलीचा अर्ज करून पाहिलात का? आमच्या शाळेत मुख्याध्यापकांचा फार जाच होता. मी पंचायत समितीत खेटे घातले आणि सुटले.

एचआरमधली
ताई, खासगी कंपनीत मॅनेजर बदलून मिळणं अवघड असतं, पण दुसऱ्या प्रोजेक्टसाठी जरूर विचारा.

दादा, 16 वर्षं राजीनामे हाताळतेय, म्हणून लिहिते. 7 लाख 10 हजार भागिले 76 हजार म्हणजे नऊ महिने, असं तुम्ही धरलं असेल. पण कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो आणि त्यात आईबाबा असतील तर तेही उघडे पडतात. दवाखान्यासाठी दीड लाख आणि नव्या पॉलिसीसाठी अंदाजे 70 हजार बाजूला काढा. उरले 4 लाख 90 हजार, म्हणजे साडेसहा महिनेसुद्धा नाहीत. वहिनींचा पगार धरला तर दरमहा 48 हजारच काढावे लागतील आणि दहा महिने निघतील. तेव्हा सगळा भार त्यांच्या नोकरीवर आहे. आधी त्यांच्याशी बोला.

दुसरं, नोटीस तीन महिन्यांची असेल तर आज राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं भरतात. बेसिक 40 हजार असेल तर ग्रॅच्युइटी 40 हजार भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5, म्हणजे साधारण 1 लाख 15 हजार. शेवटची तारीख मेलवर लिहून घ्या. नोटीसचे पैसे हातावर ठेवून लगेच मोकळं केलं तर ग्रॅच्युइटी अडकू शकते.

सातारकर
पाच वर्षं कशाला? 4 वर्षं 240 दिवस पुरतात, मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. आणि पीएफ आहेच की, तो काढायचा.

एचआरमधली
निकाल आहे, पण सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत. मग लेबर ऑफिसात भांडत बसावं लागतं, आणि पगार नसताना ते जड जातं. पीएफचं म्हणाल तर सलग पाच वर्षं नसतील तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. आधीच्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षं धरतात, ते तपासा.

गृहिणी, ठाणे
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. यांनी मला न सांगता सोडली होती. रोज साडेआठला डबा घेऊन निघायचे. एक दिवस संध्याकाळी डबा उघडला तर पोळ्या मी घातल्या होत्या तशाच चौघडी, वर लोणच्याची फोडही जागच्या जागी. बावीस दिवस ते बागेत बसत होते. पैशाचं आम्ही निभावलं असतं हो. ते बावीस दिवस मात्र अजून बोलता येत नाहीत.

कोल्हापूरकर
मी नाही सोडली. हप्ता होता, बहिणीचं लग्न होतं. चाळिशीत बीपीची गोळी सुरू झाली. बरोबर केलं की चूक, आजही सांगता येत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. ठाण्याच्या ताईंचं वाचून काल रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हप्त्याचं आपण पाहू, बाबांच्या विम्याचं आधी बघ. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण अर्ज नोकरीत असतानाच करावा लागतो म्हणे. बायपास झालेल्या माणसाला ते घेतात का, प्रीमियम किती वाढवतात? कुणी केलं असेल तर लिहा. तोवर मेल ड्राफ्टमध्येच ठेवतोय.

एचआरमधली
अर्ज करता येतो, नाकारायचा अधिकार त्यांना असतो. आमच्याकडे एकाच्या वडिलांना घेतलं, दुसऱ्याच्या आईला नाही. लेखी उत्तर हातात येईपर्यंत मेल पाठवू नका.