मदत हवी आहे: गडद पार्श्वभूमीवर ठेवलेल्या बोधचिन्हाभोवतीची पांढरी किनार कशी घालवावी?

निळीशाई

एका माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठासाठी मला संस्थेचे बोधचिन्ह गडद निळ्या पार्श्वभूमीवर ठेवायचे आहे. माझ्याकडे ६४० पिक्सेल रुंदीची जेपीजी फाइलच उपलब्ध आहे. त्यात पांढऱ्या पार्श्वभूमीवर तपकिरीकडे झुकणारे लाल वर्तुळ असून वर्तुळात पांढरी अक्षरे आहेत आणि खाली त्याच लाल रंगात बारीक अक्षरांची एक ओळ आहे. गिम्पमध्ये `Fuzzy Select` ने पांढरा भाग निवडून मी तो पुसला आणि उरलेले बोधचिन्ह निळ्यावर आणले, तेव्हा वर्तुळाभोवती फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरी अशी एक किनार उमटली. `Threshold` १५ वरून ६० पर्यंत वाढवून पाहिले, तरी किनार पूर्णपणे गेली नाही, उलट कड मात्र कुरतडल्यासारखी झाली. बोधचिन्हाचा आकार न बिघडवता ही किनार घालवण्याचा मार्ग कोणी सांगू शकेल का? वर्तुळातली पांढरी अक्षरे पांढरीच राहायला हवीत.

टिंब

मी हे नेहमी करतो. पांढरा भाग निवडल्यावर पुसण्याआधी `Select > Grow` मध्ये १ पिक्सेल द्यावा, म्हणजे किनारही निवडीत येते आणि पांढऱ्याबरोबर पुसली जाते. दुसरा उपाय म्हणजे काहीही न पुसता लेयरचा मोड `Multiply` करावा, पांढरा आपोआप नाहीसा होतो.

जुना छापखाना

टिंब यांचा पहिला उपाय ठळक आकारांना चालतो, पण खालच्या ओळीतील अक्षरांची रेघ दोन-तीन पिक्सेलच जाड असेल, तर दोन्ही बाजूंनी एकेक पिक्सेल गेल्यावर त्या अक्षरांचे काय उरणार? `Multiply` तर येथे चालणारच नाही. त्या मोडमध्ये खालचा रंग वरच्या रंगाने गुणला जातो, त्यामुळे पांढरा निघून जातो हे खरे, पण गडद निळ्यावर लाल रंगही जवळजवळ काळा होतो. तो उपाय फिकट कागदासाठी आहे.

निळीशाई, किनारीवरच्या एका पिक्सेलवर `Color Picker` ठेवून तिथला आकडा पाहा आणि वर्तुळाच्या मधला लाल रंगही मोजा. दोन्ही आकडे येथे लिहा, मग नेमके बोलता येईल.

निळीशाई

मधला लाल १६०, २०, ४० आहे. किनारीवरचे पिक्सेल वेगवेगळे आहेत, त्यांतला एक २१७, १६१, १६९ असा आढळला.

जुना छापखाना

या दोन आकड्यांतच कारण सापडते. वर्तुळाची कड गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे पिक्सेल लाल आणि पांढरा मिसळून बनवलेले असतात. तुमच्या पिक्सेलमध्ये ४० टक्के लाल आणि ६० टक्के पांढरा आहे. हिरव्या वाहिनीवर पडताळा: २५५ मधून १६१ गेले की ९४ उरतात, २५५ मधून २० गेले की २३५ उरतात, आणि ९४ भागिले २३५ म्हणजे ०.४. तुम्ही शुद्ध पांढरा पुसलात, पण त्या पिक्सेलमधला ६० टक्के पांढरा तिथेच राहिला. पांढऱ्यापासून त्याचे अंतर ९४ असल्यामुळे ६० च्या `Threshold` मध्येही तो निवडला गेला नाही. तुमच्या निळ्याचा आकडा १६, २४, ४८ धरला, तर तिथे खरे पाहता ७४, २२, ४५ असा गडद पिक्सेल दिसायला हवा होता.

म्हणून किनार कापून काढण्याऐवजी प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल किती आहे ते शोधून तेवढीच अपारदर्शकता त्याला द्यावी. मूळ चित्राच्या लेयरची प्रत घ्या. त्या प्रतीवर `Colors > Components > Extract Component` उघडून `RGB Green` निवडा आणि `Invert component` वर खूण करा. हिरवी वाहिनी घेण्याचे कारण असे की तुमच्या लालाचे आणि पांढऱ्याचे अंतर तिथे सर्वांत जास्त आहे. आता बोधचिन्ह उजळ आणि पार्श्वभूमी काळी दिसेल. `Levels` मध्ये इनपुटचे वरचे टोक २५५ वरून २३५ वर आणा, म्हणजे भरीव भाग पूर्ण पांढरा होईल. त्यानंतर `Add Layer Mask` मध्ये `Grayscale copy of layer` निवडा आणि मास्कऐवजी लेयर निवडलेला आहे याची खात्री करून तो संपूर्ण १६०, २०, ४० या लालाने भरा. आता कडेच्या पिक्सेलचा रंगही शुद्ध लाल आहे आणि मिश्रणाचे प्रमाण मास्क सांभाळतो.

या पद्धतीत वर्तुळातली अक्षरेही पारदर्शक होतील. त्यासाठी या लेयरखाली एक भरीव पांढरे वर्तुळ ठेवा, पण लाल वर्तुळाच्या बाहेरच्या कडेपासून ते चार-पाच पिक्सेल आत असू द्या. त्यामुळे अक्षरे पांढरी होतील, त्यांच्या कडा जशाच्या तशा मऊ राहतील आणि बाहेर पांढरे डोकावणार नाही.

टिंब

`Color to Alpha` हे एका पायरीत करत नाही का?

जुना छापखाना

करते, पण मूळ मापांवर सोडले तर ते शक्य तितका पांढरा काढून घेते. तुमच्या शुद्ध लालातही हिरवा २० असल्यामुळे भरीव भाग सुमारे ९२ टक्केच अपारदर्शक राहतो आणि खालचा निळा त्यात झिरपतो. `Opacity threshold` कमी करून हे सावरता येते. अनेक रंगांच्या बोधचिन्हाला मात्र मीही तेथूनच सुरुवात करीन, कारण माझी रीत एकाच रंगासाठी आहे.

सावली

माझीही हीच अडचण आहे. माझी पीएनजी फाइल पारदर्शक आहे आणि संपादकात कुठेही किनार दिसत नाही, पण एका खेळासाठी ती लहान करून दाखवली की पांढरी रेघ येते. वरची पद्धत मलाही लागू पडेल का?

जुना छापखाना

तुमचे दुखणे वेगळे वाटते. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही पीएनजीमध्ये रंगाचा आकडा असतो आणि तुमच्या फाइलमध्ये तो बहुधा पांढरा आहे. आकार बदलताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढली जाते, तेव्हा तो लपलेला पांढरा कडेत मिसळतो. पारदर्शक भागालाही बोधचिन्हाचाच रंग देऊन, तो टिकेल अशा रीतीने फाइल निर्यात करून पाहा. तुमच्या खेळाचे साधन सरासरी कशी काढते यावरही बरेच अवलंबून आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढलात तर बरे होईल.

निळीशाई

वर्तुळाची किनार पूर्णपणे गेली, आठपट मोठे करूनही दिसत नाही. अक्षरेही स्वच्छ आली. दोन गोष्टी मात्र उरल्या आहेत. वर्तुळाच्या कडेपासून काही पिक्सेल दूरपर्यंत अंधूक ठिपके दिसतात, आणि खालची लाल ओळ निळ्यात इतकी बुडाली आहे की वाचता येत नाही. किनार होती तेव्हा ती निदान दिसत तरी होती.

जुना छापखाना

ठिपके जेपीजीचे आहेत. ती पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे दाबते, म्हणून तीव्र कडेजवळ तरंग उठतात. मास्कवर `Levels` उघडून इनपुटचे खालचे टोक ० वरून १० च्या आसपास आणा. त्याहून पुढे गेलात तर कडेचा मऊपणा जाऊ लागेल. उरलेले ठिपके मास्कवर काळ्या ब्रशने पुसा.

ओळीचे म्हणाल तर आता दिसते आहे तेच तिचे खरे रूप आहे: गडद लाल आणि गडद निळा यांत उजेडाचा फरकच फार थोडा आहे. रंग आणि मास्क वेगळे असल्यामुळे केवळ ती ओळ निवडून लेयरवर पांढरा रंग भरलात तर ती तत्काळ वाचता येईल. गडदावर पांढरी अक्षरे किंचित जाड भासतात, तेवढे पाहून घ्या.

टिंब

पण बोधचिन्हाचा रंग असा आपण परस्पर बदलावा का? मी संस्थेकडे गडद पार्श्वभूमीसाठीची आवृत्ती मागितली असती. एखाद्या पीडीएफमध्ये बोधचिन्ह व्हेक्टर रूपात असेल, तर इंकस्केपमध्ये उघडून ते तसेच काढता येईल आणि हा सारा खटाटोप टळेल.

निळीशाई

तशी पीडीएफ आहे का, हे मी आजच विचारले आहे. उत्तर येईपर्यंत ओळ पांढरी केलेला नमुना वेगळ्या नावाने ठेवला आहे, आणि मास्कचे खालचे टोक ८ वर आणल्यावर बहुतेक ठिपके गेले आहेत.