मदत हवी आहे: ९ सेकंदांचा व्हिडिओ लोक पुन्हा पुन्हा बघतात, पण काम ४० सेकंदांच्या व्हिडिओवरून येतं

पुठ्ठा_दोरा

नमस्कार मंडळी. मी पुस्तकबांधणी करते. बहुतेक कामं जुनी, पानं सुटलेली पुस्तकं पुन्हा शिवून देण्याची. सहा महिन्यांपासून इन्स्टाग्रामवर रील टाकते आणि तेच व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्सवरही. त्यातल्या दोन व्हिडिओंच्या आकड्यांनी मी पुरती गोंधळले आहे.

पहिला ९ सेकंदांचा. कटिंग मशीनचं पातं खाली येतं, पुस्तकाची कड सरळ कापली जाते, आणि शेवटचं दृश्य पहिल्याला असं जुळतं की व्हिडिओ कुठे संपला ते कळतच नाही. इन्स्टाग्रामवर बघण्याचा सरासरी वेळ ११ सेकंद दिसतो, म्हणजे व्हिडिओच्या लांबीपेक्षा जास्त. यूट्यूबवर ३१ हजार व्ह्यूज. विचारणा आली एकच, तीही "मशीन कुठलं आहे?" अशी.

दुसरा ४० सेकंदांचा. पाठ निघालेलं पुस्तक, मग जुजबंदी शिलाई, नवा पुठ्ठा, आणि शेवटी तेच पुस्तक सपाट उघडून दाखवलं आहे. सरासरी वेळ १८ सेकंद, म्हणजे निम्माही नाही. व्ह्यूज पहिल्याच्या दहाव्या हिश्शाइतके. पण सात जणांनी आपल्या पुस्तकांचे फोटो पाठवले आणि त्यातली चार कामं झाली.

पुन्हा पुन्हा बघितलेला व्हिडिओ पुढे ढकलला जातो असं जिथेतिथे वाचते. मग मी लांब व्हिडिओ बंद करून फक्त छोटे करावेत का? एका व्हिडिओत माझी अख्खी दुपार जाते, म्हणून नीट ठरवायचं आहे.

वेग_वाढवा

ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ११ भागिले ९, म्हणजे १२२ टक्के. दुसरा ४५ टक्के. शंभराच्या वर गेलेला व्हिडिओ सिस्टीम उचलतेच. सगळे व्हिडिओ दहा सेकंदांच्या आत आणा आणि शेवट सुरुवातीला जोडा. अजून एक करा: कामाची माहिती दीड सेकंदच दाखवा. वाचून होत नाही म्हणून लोक परत बघतात. मी हे केलंय, व्ह्यूज खरोखर वाढतात.

सुई_धागा

माझंही असंच झालं होतं. मी कपडे शिवते. एक व्हिडिओ एकदम खूप पसरला, आणि पुढचे सगळे थंड. माझं खातं मुद्दाम दाबून ठेवलंय अशी मला खात्री आहे. तुमचा लांब व्हिडिओही तसाच दाबला गेला असेल. टाकायची वेळ बदलून बघा, मी आता सकाळी टाकते.

सरळ_रेघ

मी काही वर्षं शिफारस यंत्रणांवर काम केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी यूट्यूबचे ३१ हजार बाजूला ठेवू. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सवर व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरतात, आणि तो पुन्हा सुरू झाला की पुन्हा धरतात. किमान किती वेळ बघितला याची अट नाही. तुमचा ९ सेकंदांचा व्हिडिओ न जाणवता फिरत राहतो, म्हणजे एकच माणूस तीन-चार व्ह्यूज देऊन जातो. ॲनालिटिक्समध्ये `Engaged views` नावाचा वेगळा आकडा आहे, तो जुन्या पद्धतीच्या मोजणीचा. तो किती आहे?

दुसरं, तो ११ सेकंदांचा आकडा. इन्स्टाग्राम बघितलेला एकूण वेळ घेतं, पुन्हा बघितलेलाही धरून, आणि त्याला पहिल्यांदा सुरू झाल्याच्या संख्येने भागतं. तो माणसामागचा सरासरी वेळ झाला, आणि सरासरीत पळून गेलेले लोक दिसत नाहीत. रीलच्या खाली प्रेक्षक कुठे गळाले त्याचा आलेख आहे. दोन्ही व्हिडिओंची रेषा दुसऱ्या सेकंदाला किती टक्क्यांवर आहे ते सांगा, मग पुढचं बोलू.

पुठ्ठा_दोरा

बघितलं. `Engaged views` जेमतेम ११ हजार आहेत! आलेखात ९ सेकंदांच्या व्हिडिओची रेषा दुसऱ्या सेकंदाला ४० टक्क्यांवर आहे. ४० सेकंदांच्या व्हिडिओची ५५ वर, आणि तिथून पुढे हळूहळूच उतरते.

सरळ_रेघ

छान, आता हिशेब करता येईल. दोन्हींसाठी १००० माणसं धरू.

छोटा व्हिडिओ: ६०० जण साधारण २ सेकंदांत गेले, म्हणजे १२०० सेकंद. सरासरी ११ यायची तर एकूण ११,००० सेकंद हवेत. उरले ९८०० सेकंद, आणि ते ४०० जणांनी दिले, म्हणजे प्रत्येकी साडेचोवीस. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी व्हिडिओ झटकला आणि बाकीचे पावणेतीन वेळा बघत बसले. "सगळे पुन्हा बघतात" असं काही घडलेलं नाही.

लांब व्हिडिओ: ४५० जण २ सेकंदांत गेले, ९०० सेकंद. एकूण १८,०००. उरले १७,१००, ते ५५० जणांचे, प्रत्येकी ३१ सेकंद. म्हणजे जे थांबले त्यांनी ४० पैकी ३१ सेकंद बघितले. "निम्माही कोणी बघत नाही" हे तुमचं वाचन चुकीचं आहे. थांबलेल्या माणसांनी तुमची शिलाई बघितली, पुठ्ठा बघितला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटचं उघडलेलं पुस्तकही बघितलं असणार.

@वेग_वाढवा, म्हणून १२२ आणि ४५ यांची थेट तुलना करू नका. लहान व्हिडिओ पूर्ण बघणं सोपं, हे यंत्रणा बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. क्वायशो या छोट्या व्हिडिओंच्या चिनी कंपनीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये यावरच निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांनी व्हिडिओंचे लांबीनुसार गट पाडले आणि आपल्या गटात एखादा व्हिडिओ किती वर बसेल याचा अंदाज घेतला. ४० सेकंदांच्या व्हिडिओची तुलना ४० सेकंदांच्या आसपासच्यांशीच करायची, एवढाच त्याचा अर्थ.

वेग_वाढवा

हिशेब पटला. पण एकूण वेळेत तरी पुन्हा बघणं मोजलं जातंच ना? मग ते फायद्याचंच झालं.

सरळ_रेघ

मोजलं जातं, तिथे तुम्ही बरोबर आहात. प्रश्न आहे तो कोणासाठी मोजलं जातं हा. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने टिकटॉकच्या एका अंतर्गत कागदावर बातमी दिली होती. त्यात गुण देण्याचं एक सोपं केलेलं सूत्र होतं:

```
Plike x Vlike + Pcomment x Vcomment
+ Eplaytime x Vplaytime + Pplay x Vplay
```

P आणि E म्हणजे अंदाज. हा माणूस लाइक करण्याची शक्यता किती, हा माणूस किती वेळ बघेल. V म्हणजे त्या गोष्टीला कंपनीने दिलेलं वजन. यात व्हिडिओला कायमचा शिक्का कुठेच नाही. प्रत्येक बघणाऱ्यासाठी नवा अंदाज लागतो, आणि तो आधी कोण थांबलं यावरून शिकलेला असतो.

आता तुमचं पातं घ्या. त्यावर थांबले कोण? ज्यांना काहीतरी सफाईने कापलं जाताना बघायला आवडतं ते. त्यांनी तीन-तीनदा बघितल्यावर यंत्रणेने तसेच आणखी लोक शोधले. तिने आपलं काम चोख केलं. पण त्या लोकांच्या घरी फाटकं पुस्तक असायचं काही कारण नाही. दुसऱ्या व्हिडिओवर थांबले ते फाटलेलं पुस्तक बघून थांबले. तिथून सात विचारणा आल्या याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही.

आणि दीड सेकंद मजकूर दाखवायचा सल्ला कृपा करून घेऊ नका. आलेखात त्याच जागी फुगवटा येईल, वेळही वाढेल, पण तो माणूस चिडून परत आलेला असेल. ज्याला काम द्यायचं आहे त्याला आपण वाचूच दिलं नाही, तर त्या व्ह्यूचं करायचं काय?

@सुई_धागा, एक व्हिडिओ पसरून पुढचे थंड पडले, एवढ्यावरून खातं दाबलंय असं म्हणता येत नाही. पहिल्यावर थांबलेले लोक तुमच्या पुढच्या व्हिडिओंवर थांबले नाहीत, एवढ्यानेही हेच घडतं. त्या व्हिडिओत काय होतं?

सुई_धागा

माझं मांजर कापडाच्या ढिगाऱ्यावर झोपलेलं होतं. पुढचे सगळे ब्लाउजच्या बाह्यांचे. आता लिहिताना माझ्याच लक्षात येतंय. पण दोन महिने सगळेच थंड जावेत? ते मला अजून पटत नाही.

शाई_पेन

मी एका छोट्या छापखान्याचं खातं सांभाळते. एक आकडा कोणीच विचारला नाही: किती जणांनी दुसऱ्याला पाठवला? इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये बघण्याचा वेळ, लाइक आणि पाठवणं या तीन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या होत्या. आपल्याला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं तर लाइकपेक्षा पाठवण्याला जास्त वजन, असंही म्हणाले होते. आमच्याकडे कामं येतात ती बहुतेक अशीच, "बहिणीने हा व्हिडिओ पाठवला" म्हणत.

पुठ्ठा_दोरा

छोटा ९ जणांनी पाठवला आहे, लांब ६४ जणांनी. हा आकडा मी आजवर उघडूनच बघितला नव्हता.

मग मी ४० सेकंदांचाच ठेवू का? ४५ टक्के लोक दोन सेकंदांत जातात ते थांबवता येतील का?

सरळ_रेघ

सगळे थांबवायचे नाहीत. ज्यांच्याकडे पुस्तक नाही ते गेलेलेच बरे. पण तुमच्या पहिल्या दोन सेकंदांत काय दिसतं?

पुठ्ठा_दोरा

माझं टेबल, आणि मी हत्यारं मांडते आहे. पुस्तक पाचव्या सेकंदाला येतं.

सरळ_रेघ

म्हणजे ज्याच्यासाठी व्हिडिओ केला त्याला पाच सेकंद कळतच नाही की हा आपल्यासाठी आहे. सुटलेल्या पाठीचं पुस्तक पहिल्या चौकटीत आणा, हातात उचलल्यावर पानं लोंबताना दिसू देत. बाकी व्हिडिओला हात लावू नका. सुरुवात आणि लांबी दोन्ही एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. इन्स्टाग्रामवर ट्रायल रील्स दिसत असेल तर त्यातून टाका. तो व्हिडिओ आधी फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवला जातो, त्यामुळे ओळखीच्यांचे लाइक मधे येत नाहीत. मग दुसऱ्या सेकंदाची रेषा आणि पाठवण्याचा आकडा बघा.

वेग_वाढवा

मला एक अजून खटकतंय. छोट्या व्हिडिओने नाव तरी सगळीकडे जातं. ते पूर्ण वाया कसं म्हणता?

शाई_पेन

वाया नाही म्हणणार. पण आम्ही वर्षभर शाईचे थेंब पडतानाचे व्हिडिओ टाकले, फॉलो करणारे वाढले, आणि नंतर कामाचे व्हिडिओ त्याच लोकांना दाखवले गेले तेव्हा ते झटकू लागले. माझा अनुभव एवढाच. उलटं झालेलेही लोक भेटले आहेत मला.

पुठ्ठा_दोरा

बारा दिवसांनी लिहिते आहे. मधली सगळी दृश्यं तशीच ठेवली, फक्त हत्यारांचे पाच सेकंद काढून पहिल्या चौकटीत फाटकं पुस्तक घेतलं. व्हिडिओ ३५ सेकंदांचा झाला, म्हणजे लांबी थोडी बदललीच. दुसऱ्या सेकंदाला रेषा आता ६३ वर आहे. सरासरी वेळ मात्र १८ चा १९ झाला, इतकंच. ३१ जणांनी पाठवला, तीन जणांनी विचारलं.

आणि तिघांपैकी दोघं इतक्या लांबचे आहेत की पुस्तक पाठवायला घाबरतात. पॅकिंग कसं करायचं हे विचारत होते. ते त्याच व्हिडिओच्या शेवटी दाखवावं, की वेगळा व्हिडिओ करावा? शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत ३४ टक्केच लोक पोचतात असं आलेख सांगतो.

सरळ_रेघ

विचारायला येणारे त्या ३४ टक्क्यांतलेच असतील असं वाटतं, पण ते तुम्हालाच कळू शकतं. त्या तिघांना विचारून बघा, शेवटपर्यंत बघितला होता का.