मदत हवी आहे: घास अडकतो, दुर्बीण नॉर्मल, पण तुकडा घेतलाच नाही

नमस्कार. आम्ही चोपड्याकडचे. धाकटा भाऊ 23 वर्षांचा, लहानपणापासून दमा आणि धुळीची ॲलर्जी. दीड वर्षापासून कळण्याची भाकरी किंवा मटण खाल्लं की घास छातीत अडकतो. घासागणिक पाणी पितो. सगळे उठले तरी याची अर्धी भाकरी ताटातच. गेल्या महिन्यात लग्नात मटणाचा तुकडा अडकला, थुंकीसुद्धा उतरेना. रात्री दुर्बिणीतून काढला. 'अन्ननलिका नॉर्मल आहे, चावून खा' म्हणाले आणि ॲसिडिटीची गोळी सुरू केली.

नाशिकच्या पोटविकारतज्ज्ञांना इओसिनोफिलिक इसोफेजायटिसची शंका आहे. यात ॲलर्जीशी संबंधित इओसिनोफिल पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात साचतात. अस्तर वरून साधं दिसलं तरी आजार असू शकतो. म्हणून वरच्या आणि खालच्या भागातून मिळून निदान 6 तुकडे घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात 15 किंवा जास्त पेशी दिसतात का ते मोजतात. नुसत्या रक्ततपासणीवर हे ठरत नाही. आमच्या रिपोर्टात बायोप्सीचा उल्लेखच नाही, याचंच वाईट वाटतं.

आता दुर्बीण परत करायची आहे. गोळी चालू असताना पेशी कमी दिसू शकतात म्हणे. तुमच्या डॉक्टरांनी आधी गोळी थांबवली होती का, किती दिवस? आणि जळगाव-धुळ्यात रिपोर्टमध्ये पेशींचा आकडा लिहून देणारी लॅब कुणाला माहीत आहे का?